चौकशी समितीला लेखी निवेदन द्यायचंय, माझ्याच निर्णयाबद्दल. काय लिहायचं आणि किती?

रातपाळी
नमस्कार मंडळी. मी केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट इनचार्ज आहे. गेल्या आठवड्यात रात्रपाळीत कूलिंगचा पंप ट्रिप झाला आणि एका रिअॅक्टरचं तापमान चढायला लागलं. आम्ही डोसिंग, म्हणजे आत माल सोडणं, बंद केलं, स्टँडबाय पंप चालू केला, तापमान खाली आलं. पण बॅच वाया गेली, व्हेंटमधून थोडी वाफ बाहेर आली आणि फील्ड ऑपरेटरच्या डोळ्यांची जळजळ झाली. त्याचे डोळे लगेच धुतले, आता तो बरा आहे, कामावरही आला.
आता चौकशी समितीचं पत्र आलंय. दोनच प्रश्न आहेत. क्वेंच का दिलं नाही (म्हणजे आत थेट पाणी सोडून रिअॅक्शन मारून का टाकली नाही), आणि मॅनेजरना 17 मिनिटं उशिरा का कळवलं. 2:14 ला अलार्म आणि 2:31 ला माझा फोन, त्यावरून 17.
मसुदा केलाय त्यातली सुरुवात देतो: "अलार्म येताच मी तातडीने योग्य ती सर्व कार्यवाही केली. परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात होती. स्टँडबाय पंपाचा सक्शन व्हॉल्व्ह अर्धवट बंद असल्याने कूलिंग हळू मिळाले, त्यामुळे तापमान 92 पर्यंत गेले. क्वेंचची आवश्यकता नव्हती."
बरोबर वाटतंय का? काही लपवायचं नाहीये, पण स्वतःच्या पायावर धोंडाही पाडून घ्यायचा नाहीये.

सडाफटिंग
माफीनाम्याचा छान नमुना आहे माझ्याकडे, आमच्याकडे एकाने दिला होता आणि प्रकरण तिथेच मिटलं. व्यनि करू का?

मीनल_व
@सडाफटिंग, माफी मागितलेली नाहीये त्यांनी आणि कोणी मागायलाही सांगितलेली नाही. काय झालं ते विचारलंय. चौकशी चालू असतानाच माफीनामा दिला तर समिती काय समजेल सांगा बरं?

सडाफटिंग
ओके ओके, मला वाटलं मेमो आलाय. चालू द्या.

जुनाखलाशी
तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालोय, माझा अनुभव सांगतो. विचारलं तेवढंच लिहायचं. दोन प्रश्न तर दोन उत्तरं, एका पानात. जेवढं जास्त लिहाल तेवढे उपप्रश्न. आणि वेळा ठाम लिहायच्या, "अंदाजे" लिहिलं की समोरच्याला वाटतं हा काहीतरी लपवतोय.

रेघोटी
मी अशा चौकश्यांमध्ये टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.
रातपाळी, तुमच्या मसुद्यात चार वाक्यं आहेत आणि त्यातल्या तीन वाक्यांत घटना नाही, निकाल आहे. "तातडीने", "योग्य", "पूर्णपणे नियंत्रणात", "आवश्यकता नव्हती". हे ठरवायचं काम समितीचं. तुम्ही काय बघितलं, काय ऐकलं, काय केलं, कोणाला काय सांगितलं, हे ठरवायला समितीकडे तुमच्याशिवाय कोणी नाही आणि नेमकं तेच मसुद्यात नाही.
पण सगळ्यात घोटाळ्याचं आहे ते व्हॉल्व्हचं वाक्य. सक्शन व्हॉल्व्ह अर्धवट बंद होता हे तुम्हाला त्या रात्री माहीत होतं का? आणि 92 हा आकडा तुम्ही स्क्रीनवर स्वतः बघितला का?

रातपाळी
व्हॉल्व्हचं दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सवाल्यांनी सांगितलं. 92 सुद्धा नंतर तापमानाचा ट्रेंड काढला तेव्हा दिसलं. मी कंट्रोल रूममध्ये आलो तेव्हा पहिला आकडा बघितला तो 89, हे पक्कं आठवतंय कारण मी मोठ्याने बोललो होतो.

रेघोटी
मग बघा, मसुद्यात त्या रात्रीचं आणि दुसऱ्या दिवशीचं एकत्र कालवलं गेलंय. वाचणाऱ्याला वाटेल की व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे, कूलिंग नीट मिळत नाहीये हे माहीत असूनही या माणसाने क्वेंच दिलं नाही! म्हणजे स्वतःच्या बाजूने लिहायला गेलात आणि वाक्य तुमच्यावरच उलटलं.
माझं सांगणं इतकंच की निवेदनाचे सरळ दोन भाग करा. पहिल्या भागात फक्त त्या रात्री तुम्हाला माहीत असलेलं, ज्या क्रमाने कळलं त्या क्रमाने. दुसऱ्या भागाला शीर्षकच द्या "घटनेनंतर मला समजलेली माहिती", आणि प्रत्येक गोष्ट कधी, कोणाकडून कळली ते लिहा. व्हॉल्व्ह आणि 92 दोन्ही तिकडे जातील.
निर्णयाबद्दल प्रश्न असतो तेव्हा वाचणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो. बॅच गेली, डोळे जळले, हे डोक्यात ठेवूनच तो तुमचं 2:20 चं वाक्य वाचतो. त्याला 2:20 ला उभं करायचं असेल तर 2:20 ला तुमच्यासमोर काय होतं तेवढंच दाखवावं लागतं.

जुनाखलाशी
हे पटलं. पण मग "विचारलं तेवढंच" यात चूक काय, तुम्हीही तेच म्हणताय की नको ते काढा.

रेघोटी
अर्धं बरोबर आहे तुमचं. मतं, दुसऱ्यावर ठपका, "असं असतं तर तसं झालं असतं" हे विचारलेलं नसेल तर नको, शंभर टक्के. पण निर्णयावर परिणाम करणारी घटना न विचारताही लिहायची, ती तुमच्या विरोधात जात असली तरी. कारण प्लांटच्या कंट्रोल सिस्टीमच्या, म्हणजे डीसीएसच्या लॉगमध्ये प्रत्येक अलार्म, तो कोणत्या सेकंदाला अॅक्नॉलेज झाला, व्हॉल्व्ह कधी बंद झाला, सगळं आहे आणि समिती निवेदन वाचताना तो लॉग शेजारी ठेवून वाचते. लॉगमध्ये दिसणारी गोष्ट निवेदनात नसली की मग बाकीच्या खऱ्या वाक्यांकडेही तसंच बघितलं जातं.
आणि "अंदाजे" चालतं, फक्त अंदाज कशावरून ते लिहा. "डोसिंग बंद करायला सांगितल्यानंतर, मी तिथून निघून चालत आलो, साधारण दोन मिनिटांत" हे "2:21" पेक्षा चांगलं, जर 2:21 तुम्ही घड्याळात बघितलेलं नसेल तर.

निशिगंध
मीही अशाच एका प्लांटमधला आहे म्हणून विचारतो, अॅजिटेटर चालू होता ना सगळा वेळ?

रातपाळी
हो. तो बंद करायचा नाही हे मी वॉकीवरच सांगितलं होतं.

निशिगंध
मग ते कुठेय मसुद्यात? ढवळणं थांबलं असतं तर न झालेला माल एका जागी साचला असता, उष्णता जॅकेटपर्यंत पोचली नसती आणि नंतर कोणी परत चालू केला असता तर सगळं एकदम पेटलं असतं. तुम्ही विचार करून तो चालू ठेवलात. समितीने विचारलं नाही म्हणून तुम्हीही विसरलात. जे केलं नाही त्याबद्दलच प्रश्न येतात, त्यामुळे जे केलं ते लिहायचं राहून जातं.
एसओपीत काय आहे नक्की?

रातपाळी
85 ला डोसिंग बंद, कूलिंग तपासा. 95 ला क्वेंच. आणि "तापमानवाढ नियंत्रणात येत नसल्यास वरिष्ठांना ताबडतोब कळवावे". ताबडतोब म्हणजे किती मिनिटं ते लिहिलेलं नाही.

अबोली
मी वॉर्डमध्ये नर्स आहे, माझीही अशी चौकशी झाली होती एका रात्रीच्या निर्णयावरून, म्हणून लिहिते. पेशंटचं बीपी कमी होत होतं, मी डॉक्टरांना लगेच न उठवता पंधरा मिनिटांनी परत मोजायचं ठरवलं. निवेदनात मी प्रत्येक रीडिंग लिहिलं, आणि ठरवताना माझ्यासमोर कोणते दोन पर्याय होते तेही. मला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले ते नोंदींवर. नोंद कधी केली? तिथल्या तिथे की ड्यूटी संपताना? तुमच्या लॉगबुकचं काय?

रातपाळी
चांगलं आठवण करून दिलंत ताई. शिफ्ट लॉग मी 5:50 ला लिहिला, सगळं शांत झाल्यावर. त्यात अलार्मची वेळ आहे पण मी कधी पोचलो ते नाही. आता त्यात ती एक ओळ घालावी का असा विचार करत होतो.

अबोली
अजिबात नको!! लॉगबुकला आता हातही लावू नका. आमच्याकडे राहिलेली नोंद करायची असेल तर आजची तारीख, आजची वेळ टाकून "उशिरा केलेली नोंद" असं लिहून करतात, मागच्या ओळींमध्ये घुसवून नाही. आणि चौकशी सुरू झाल्यावर तर तेही विचारल्याशिवाय नको. जे लॉगमध्ये राहिलं ते निवेदनात लिहा आणि सोबत हेही लिहा की लॉग 5:50 ला, आठवणीवरून लिहिला होता.

तात्या_नाना
तुमच्या पॅनल ऑपरेटरचंही निवेदन मागितलं असेल ना? दोघांनी एकदा बसून वेळा जुळवून घ्या म्हणजे फाटे फुटणार नाहीत.

मीनल_व
तात्या, नको हो. मी वकील आहे. दोन माणसांच्या आठवणी मिनिटाला मिनिट जुळल्या तरच संशय येतो. एकाला 2:20 वाटतं, दुसऱ्याला 2:25 वाटतं, हे नैसर्गिक आहे. त्यातला फरक लॉगवरून काढायचं काम समितीचं. जुळवून लिहिलंत आणि ते उघड झालं तर मग मूळ निर्णय बाजूला राहतो आणि नवीनच प्रकरण उभं राहतं.

रातपाळी
बसून जुळवलं नाही, पण त्या सकाळी शिफ्ट सुटल्यावर आम्ही दोघं बोललो होतो. साहजिकच होतं. आता मला हेही सांगता येत नाही की डोसिंग बंद झाल्याचं मी वॉकीवर ऐकलं की त्याने सकाळी सांगितलं.

मीनल_व
हेच शब्द लिहा. "घटनेनंतर त्या सकाळी मी आणि पॅनल ऑपरेटर या प्रसंगाबद्दल बोललो. डोसिंग बंद झाल्याचे मला वॉकीवर समजले की त्या संभाषणात, हे मला आता निश्चित सांगता येत नाही. बंद करण्याची सूचना मी दिली होती हे मला आठवते." सूचना दिल्याचं आठवतं, झाल्याची खात्री कशी केली ते आठवत नाही, दोन वेगळी वाक्यं.
अजून एक. हे पत्र प्राथमिक चौकशीचं दिसतंय, आरोपपत्र नाही. आरोपपत्र आलं तर त्याचं उत्तर मुद्दा क्रमांक घेऊन मान्य-अमान्य असं द्यावं लागतं, तो वेगळा कागद. इथे हकीकत द्यायची आहे. पण आत्ताचा सही केलेला कागद पुढे फाइलमध्ये राहतो, त्यामुळे दोन्हीकडे वाचला जाणार हे धरूनच लिहा. आणि माणसाला इजा झालीय म्हणून विचारते, बाहेरची कुठली यंत्रणा तपास करत असेल तर एक अक्षर लिहिण्याआधी वकिलाला भेटा.

रातपाळी
नाही, फक्त अंतर्गत समिती आहे.
आता त्या 17 मिनिटांचं. हे मला फार लागलंय. आज सहज बघितलं तर डीसीएसचं घड्याळ माझ्या मोबाइलपेक्षा तीन मिनिटं मागे आहे! अलार्म 2:14 हा डीसीएसवरचा, फोन 2:31 हा मोबाइलवरचा. म्हणजे खरे 14 च झाले. सगळ्या वेळांत तीन-तीन मिनिटं मिळवून लिहून टाकू का?

रेघोटी
थांबा. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे पण असा वापरलात तर वाया जाईल.
एक तर वेळा स्वतः दुरुस्त करू नका. जी वेळ जिथे दिसते ती तशीच लिहा, आणि कोणत्या घड्याळावरची ते प्रत्येक वेळेपुढे लिहा. "2:14 (डीसीएस)", "2:31 (माझ्या मोबाइलचा कॉल लॉग)". तुम्ही तीन मिळवलेत आणि पॅनल ऑपरेटरने मिळवले नाहीत की कोणालाच काही जुळवता येत नाही.
दुसरं, आजचा फरक हा आजचा आहे. त्या रात्री तो तीनच होता कशावरून? घड्याळ हळूहळू सरकतं, मध्येच कोणी सेटही केलेलं असतं. त्या रात्रीची अशी एखादी घटना शोधा जी डीसीएसशिवाय दुसऱ्या खात्रीच्या घड्याळावरही नोंदली गेली.

निशिगंध
स्टँडबाय पंपाचं स्टार्ट! डीसीएसमध्ये मोटर रनिंग आलं असणार, आणि सबस्टेशनच्या रिलेमध्येही इव्हेंट पडला असणार. आमच्याकडे रिलेचं घड्याळ सर्व्हरवरून सिंक होतं, तुमच्याकडे विचारा. पंप एकदाच सुरू झाला, दोन ठिकाणी दोन वेळा दिसतात, त्यातला फरक म्हणजे त्या रात्रीचा फरक.

रातपाळी
डीसीएसवर 2:24 आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारतो.

रातपाळी
विचारलं. रिलेत 2:27 आणि त्यांचं घड्याळ सिंक आहे म्हणाले. म्हणजे त्या रात्रीही तीनच!

रेघोटी
उत्तम. आता निवेदनात एवढंच: डीसीएसवर पंप 2:24 ला, रिलेत 2:27 ला, त्यामुळे डीसीएसचं घड्याळ त्या रात्री सुमारे तीन मिनिटं मागे असावं असं मला वाटतं, रिलेचं घड्याळ सिंक असल्याचं मला इलेक्ट्रिकल विभागाने सांगितलं, कृपया समितीने पडताळावं. मूळ नोंदी त्यांनीच काढाव्यात, तुम्ही प्रिंट काढून जोडलीत तरी "काढली कधी, कोणी" ते लिहा.
पण 17 चे 14 झाले म्हणून प्रश्न संपत नाही. 14 मिनिटांत काय चाललं होतं हेच समितीला हवंय. तुम्ही सांगा, मी लिहिते.

रातपाळी
मी शेजारच्या सेक्शनला होतो. वॉकी आला, मी म्हणालो डोसिंग बंद कर, अॅजिटेटर चालू ठेव, मी येतो. आलो, 89 होतं. स्टँडबाय रिमोटवरून सुरू होईना म्हणून फील्डला माणूस पाठवला. स्क्रीनवर बघत होतो, चढण्याचा वेग कमी झाला होता, 90 व्हायला दोनेक मिनिटं लागली. पंप सुरू झाला. मग फील्डमधून आवाज आला डोळे जळताहेत. त्याला आयवॉशला नेलं. मग फोन केला.

रेघोटी
याचं मी असं करीन:
"वॉकीवर अलार्मची माहिती मिळाली तेव्हा मी शेजारच्या सेक्शनमध्ये होतो. मी पॅनल ऑपरेटरला डोसिंग बंद करण्यास व अॅजिटेटर चालू ठेवण्यास सांगितले. कंट्रोल रूममध्ये पोचल्यावर मी पाहिलेले पहिले तापमान 89 अंश होते. पोचण्याची वेळ मी पाहिली नाही. स्टँडबाय पंप रिमोटवरून सुरू न झाल्याने मी फील्ड ऑपरेटरला पाठवले. या काळात तापमान वाढत होते, परंतु 89 वरून 90 होण्यास माझ्या अंदाजाने दोन मिनिटे लागली. एसओपीतील क्वेंचची मर्यादा 95 आहे हे मला माहीत होते. वाढीचा वेग कमी होत असल्याने व पंप सुरू होण्याच्या बेतात असल्याने मी क्वेंच न देण्याचे ठरवले. पंप सुरू होईपर्यंत मी मॅनेजरना फोन केला नाही. फील्ड ऑपरेटरला आयवॉशला नेल्यानंतर 2:31 ला (मोबाइल) फोन केला."
शेवटची दोन वाक्यं मुद्दाम सुटी ठेवलीत. "कामात असल्याने करता आला नाही" असं लिहू नका, जर खरंच करता येत नव्हता असं नसेल तर. तुम्ही स्क्रीन बघत उभे होतात तेव्हा फोन शक्य होता का, हे समिती विचारणारच.

रातपाळी
शक्य होता. पंप चालू होईलच असं वाटत होतं, म्हणून केला नाही.

रेघोटी
मग तेच कारण लिहा.

जुनाखलाशी
आता मी एक विचारू का, राग मानू नका. क्वेंच दिलं की बॅच गेली, हे डोक्यात नव्हतं? कुठल्याही इनचार्जच्या डोक्यात असतंच.

रातपाळी
होतं. नाही कशाला म्हणू. पण मुख्य कारण ते नव्हतं.

जुनाखलाशी
मग ते लिहायचं की नाही?

निशिगंध
मी नाही लिहिणार. 95 च्या खाली होतं, एसओपीच्या आत राहून घेतलेला निर्णय आहे. बॅचचं नाव काढलंत की बाकी काही कोणी वाचणार नाही, "माल वाचवायला माणसाचे डोळे जाळले" एवढंच राहील.

मीनल_व
मी सुद्धा स्वतःहून लिहा असं म्हणणार नाही. पण विचारलं तर नाही म्हणू नका, आणि निवेदनात "केवळ" किंवा "एकमेव कारण" असे शब्द वापरू नका, कारण ते खोटं ठरेल.

रेघोटी
मी लिहीन. निर्णयाची कारणं विचारली आहेत आणि हे त्यातलं एक होतं. "क्वेंच दिल्यास बॅच वाया जाईल याची मला जाणीव होती. माझा निर्णय मुख्यतः वाढीचा कमी झालेला वेग व 95 ची मर्यादा यावर होता." समितीत बसलेल्यांनाही माहीत असतं की ही जाणीव असतेच. ती नव्हती असं दाखवणारं निवेदन मला कधी पूर्ण वाटलेलं नाही. पण सही तुमची आहे, आणि नोकरीही तुमची, त्यामुळे निशिगंध आणि मीनल यांची भीती मी खोटी म्हणत नाही.

अबोली
रात्री किती माणसं होती, सलग कितवी रात्र होती हेही लिहा ना. माझ्या वेळी मी नव्हतं लिहिलं आणि नंतर कोणी विचारलंच नाही.

रेघोटी
हो, पण आकड्यात. "मनुष्यबळ अपुरे होते" नको. मंजूर किती, हजर किती, फील्डला किती. आणि त्याचा या घटनेशी जिथे संबंध आला तिथेच, म्हणजे पंपाकडे पाठवायला एकच माणूस होता, तोच वाफेत सापडला. तिथे ते वाक्य बसतं.

तात्या_नाना
मी वेळा जुळवा म्हणालो ते मागे घेतो. एक शंका, दिल्यानंतर काही आठवलं तर? मग गप्प बसायचं का?

मीनल_व
नाही, पुरवणी निवेदन द्यायचं. पहिलं परत मागायचं नाही, बदलायचं नाही. "दिनांक अमुकच्या माझ्या निवेदनाला पुरवणी" असं लिहून काय आठवलं आणि कशामुळे आठवलं ते द्यायचं. आणि पहिलं देतानाच प्रत्येक पानावर सही, पान क्रमांक, पोच घेतलेली प्रत स्वतःकडे. पोच देत नसतील तर ईमेलने पाठवा.

रातपाळी
सगळ्यांचे मनापासून आभार. नव्याने लिहायला बसलोय, तीन पानं झाली. बॅचचं वाक्य लिहिलंय, काढलंय, परत लिहिलंय. मुदत सोमवारपर्यंत आहे. एक अजून, ट्रेंडची प्रिंट काढायला पॅनलवर लॉगिन करावं लागतं, ते आता करू की समितीलाच मागू?

रेघोटी
समितीकडे लेखी मागा. तुमचं लॉगिन चौकशीच्या काळात त्या सिस्टीमवर दिसायला नको, नुसतं बघायला गेलात तरी. अर्जात नेमकं लिहा: त्या रिअॅक्टरचं तापमान, डोसिंग व्हॉल्व्ह, दोन्ही पंपांचं रनिंग, 2:00 ते 3:00 (डीसीएस). मुदतीपर्यंत मिळालं नाही तर ट्रेंड समोर नसताना लिहिलंय असं निवेदनात नमूद करा, मिळाल्यावर गरज पडली तर मीनलनी सांगितलेली पुरवणी आहेच. आणि आधी एकदा ट्रेंड काढून बघितला होतात, 92 त्यातच दिसलं म्हणालात ना, ते कधी आणि कोणाच्या लॉगिनवरून बघितलं तेही दुसऱ्या भागात टाका.